बीपी तिघांचंही ८६ : हृदयाचा शॉक खाटेपाशी ओळखताना

कॅज्युअल्टीत नव्याने लागलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "सर, पेशंटचं बीपी लो आहे, सलाईन सोडू का?" बहुतेक वेळा उत्तर 'सोडा' असंच असतं आणि ते बरोबरही असतं. हा लेख उरलेल्या वेळांसाठी आहे, जेव्हा 'थांबा, आधी मान बघू' असं म्हणावं लागतं. इंटर्न, नवे आरएमओ, कॅज्युअल्टीच्या सिस्टर आणि ब्रदर डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. मशिनं नंतर येतील. पहिल्या पाच मिनिटांत हात, डोळे, स्टेथो आणि ईसीजी एवढ्यावर किती कळू शकतं, ते बघू.

समजा एकाच रात्री तीन पेशंट आले आणि तिघांचंही वरचं बीपी ८६ आहे. पहिले निफाडकडचे ६१ वर्षांचे द्राक्ष बागायतदार, बीपी ८६/६८. दुसऱ्या सातपूरच्या ५२ वर्षांच्या बाई, चार दिवसांपासून लघवीला जळजळ आणि थंडीताप, बीपी ८६/४०. तिसरा पंचवटीतला ३४ वर्षांचा तरुण, कालपासून पाण्यासारखे जुलाब, बीपी ८६/६६. हे तिघे खरे पेशंट नाहीत, शिकवण्यासाठी रचलेले आहेत. पण असे तिघे रोज येतात. तिघांच्या केसपेपरवर 'शॉक' लिहिलं तर चूक नाही, मात्र त्या शब्दावर थांबून तिघांना सारखीच बाटली लावली तर पहिला पेशंट तासाभरात फेसाळ थुंकी टाकू लागेल.

पहिली पायरी : वजाबाकी करा

बीपी ऐकताना आपण वरचा आकडा लक्षात ठेवतो आणि खालचा विसरतो. शॉकमध्ये खालचा आकडा जास्त बोलका असतो. रक्तवाहिन्या किती आवळलेल्या आहेत, हे त्यावरून समजतं. वरच्यातून खालचा वजा केला की उरतं ते नाडीचं बीपी, म्हणजे पल्स प्रेशर. हृदय दर ठोक्याला किती रक्त पुढे ढकलतंय, याचा ढोबळ अंदाज त्यातून येतो.

सातपूरच्या बाईंचा फरक ४६ आहे. हृदय जोरात चाललंय, पण जंतुसंसर्गामुळे रक्तवाहिन्या सैल पडल्या आहेत म्हणून खालचा आकडा ४० वर घसरलाय. बागायतदारांचा फरक फक्त १८ आहे. हृदय थोडंसंच रक्त ढकलू शकतंय आणि उरलेलं बीपी टिकवायला शरीराने रक्तवाहिन्या घट्ट आवळल्या आहेत. तरुणाचा फरक २० आहे. त्याचं हृदय चांगलं आहे, पण आत येणारं रक्तच कमी असल्याने तेही थोडंच बाहेर टाकतंय. म्हणजे वजाबाकीने सेप्टिक शॉक वेगळा निघतो, मात्र पहिला आणि तिसरा अजून एकाच गटात आहेत.

इथे एक गंमत आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. सरासरी बीपी म्हणजे मॅप काढायचा तर खालचा आकडा दोनदा आणि वरचा एकदा मिळवून तीनने भागायचं. बाईंचा मॅप येतो साधारण ५५. बागायतदारांचा येतो ७४. सेप्सिसमध्ये आपण मॅप ६५ च्या वर ठेवायचं ध्येय धरतो. ते डोक्यात पक्कं बसलेला नवा डॉक्टर मॉनिटरवर ७४ बघून निवांत होतो. प्रत्यक्षात तिघांत सगळ्यात धोक्यात असलेला पेशंट तोच असतो.

नाडीचं बीपी वरच्या आकड्याच्या चौथ्या हिश्शाहून कमी असेल तर हृदयाची फेक कमी आहे असा संशय घ्यावा. बागायतदारांचं १८ भागिले ८६ म्हणजे २१ टक्के. हा नियम मुळात जुन्या हार्ट फेल्युअरच्या पेशंटांवरून आलाय, तेव्हा त्याला इशाऱ्याएवढंच वजन द्या. म्हाताऱ्या माणसाच्या कडक झालेल्या धमन्या किंवा महाधमनीची गळकी झडप असेल तर हृदय थकलेलं असूनही फरक मोठा दिसतो. आणि एक गोष्ट: शॉकमध्ये मशिनचं बीपी भरवशाचं नसतं. ते कधी काहीतरी आकडा टाकतं, कधी पट्टा फुगवतच बसतं. हाताने पट्टा बांधून स्वतः ऐका. आवाज क्षीण असले तर निदान वरचा आकडा नाडी चाचपून घ्या आणि 'खालचा नीट ऐकू आला नाही' असं पेपरवर स्पष्ट लिहा.

दुसरी पायरी : गुडघ्याला हात लावा

हाताचा तळवा गार लागला म्हणून घाई करू नका. जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी झाल्याच्या बातम्या येतात. पहाटे उघड्या पिकअपमधून आलेल्या कुणाचेही हात गारच असणार. म्हणून हात वरून खाली सरकवत न्या. आधी छाती, मग मांडी, मग गुडघा, मग पाऊल. हवेच्या गारव्याने बोटं आणि पावलं गार पडतात, गुडघा सहसा पांघरुणाखाली ऊबदार राहतो. शॉकमध्ये गारवा गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत चढलेला असतो आणि त्याला चिकट घाम असतो. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला घाम येत नाही, हे सोपं लक्षण फार कामाचं आहे.

मग केशिका भरायला लागणारा वेळ, सीआरटी. बोटाच्या पेरावर दहा सेकंद घट्ट दाबा, पांढरं पडू द्या, सोडा आणि पुन्हा रंग यायला किती सेकंद लागतात ते मोजा. घड्याळ बघून मोजा, मनात मोजलं की आपण घाईने मोजतो. तीन सेकंदांहून जास्त म्हणजे रक्तपुरवठा कमी. गुडघ्याच्या वाटीभोवती जांभळट जाळी दिसते का तेही बघा. पुस्तकातले तिचे फोटो गोऱ्या कातडीचे असतात. आपल्याकडे उन्हात रापलेल्या पायावर ती जाळी दिसेलच असं नाही, म्हणून स्पर्शाला जास्त किंमत द्या.

बाईंचे हात ऊबदार, नाडी टणाटण उडतेय, सीआरटी एका सेकंदाच्या आत. बागायतदारांचा गुडघा गार आणि चिकट, सीआरटी सहा सेकंद. तरुणाचाही गुडघा गार, सीआरटी पाच. अजूनही पहिला आणि तिसरा एकाच गटात.

तिसरी पायरी : मान

दोघांना वेगळं करते ती मान. आणि नेमकं हेच कुणी बघत नाही. कारण शॉकच्या पेशंटभोवती गर्दी असते, उजेड कमी असतो आणि मानेची शीर बघणं हे परीक्षेपुरतं काम आहे असा समज असतो.

खाटेची डोक्याकडची बाजू साधारण ४५ अंश वर घ्या. मान जरा डावीकडे वळवा, मानेचे स्नायू सैल राहतील इतकीच. मोबाईलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने, तिरका धरा, म्हणजे शिरेची सावली पडते. उजव्या बाजूला बघा आणि श्वास सोडून झाल्याच्या क्षणी बघा. दमा किंवा जुना सीओपीडी असलेला माणूस श्वास जोराने सोडताना त्याची शीर उगाच फुगते. ठणठणीत माणसाची शीर ४५ अंशांत हंसळीच्या जेमतेम वर दिसते किंवा दिसतच नाही. ती जबड्याच्या दिशेने वर चढलेली असेल तर हृदयाच्या मागे रक्त तुंबलंय. पेशंट आडवा होऊच शकत नसेल तर ताठ बसवून बघा. ताठ बसलेल्या माणसाची शीर हंसळीच्या वर दिसली तर ती नक्की वाढलेली आहे.

बागायतदारांची शीर जबड्याच्या कोनापर्यंत भरलेली. तरुणाला पूर्ण आडवं झोपवलं तरी मान सपाट. त्याच्या शरीरात पाणी नाही, बागायतदारांच्या शरीरात पाणी आहे पण ते पुढे जात नाही. बाईंची मानही सपाटच आहे, कारण सैल झालेल्या शिरांमध्ये रक्त पसरून बसलंय. म्हणूनच सेप्सिसमध्ये सुरुवातीला सलाईन लागतं.

चौथी पायरी : पेशंटला कसं राहायचंय?

यासाठी स्टेथोही लागत नाही. रक्त किंवा पाणी गेलेला माणूस आडवा पडून राहतो, पाणी मागतो, उठवलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. हृदयाच्या शॉकचा पेशंट आडवा राहत नाही. तो "मला उठून बसू द्या" म्हणतो, ऑक्सिजनचा मास्क ओढून काढतो, खाटेच्या कडेला पाय सोडून पुढे वाकतो. नातेवाईक म्हणतात, "घाबरलेत हो ते." बीपी ८६ असताना माणूस बसायचा हट्ट धरत असेल तर आधी फुप्फुसं ऐका.

फुप्फुसात दोन्ही बाजूंना, खालून वर चढत जाणारी बारीक चुरचुर म्हणजे क्रेप्ट्स हे पाणी भरल्याचं लक्षण. एकाच बाजूला, एकाच भागात क्रेप्ट्स, ताप आणि घट्ट पिवळा बेडका असेल तर न्यूमोनियाकडे झुका. १९६७ मध्ये किलिप यांनी हार्ट अटॅकच्या पेशंटांचे जे चार वर्ग पाडले, ते अशाच खाटेपाशी दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या खुणांवर पाडले होते. चौथा वर्ग शॉकचा. ती पद्धत आजही रोज वापरली जाते. पण फुप्फुसं स्वच्छ ऐकू आली म्हणून हृदयाला सोडून देऊ नका. हार्ट अटॅकनंतरच्या शॉकच्या एका मोठ्या नोंदणीत, डावा कप्पा निकामी झालेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून थोड्या जास्त जणांच्या फुप्फुसांत पाणी भरल्याच्या खुणाच नव्हत्या.

निफाडच्या पेशंटची पूर्ण गोष्ट

आता बागायतदारांकडे परत येऊ, कारण गोंधळ कसा होतो ते त्यांच्याच पेपरवर दिसतं. दहा वर्षांची शुगर. रात्री दोनला मळमळ सुरू झाली, तीन उलट्या, दोनदा पातळ शौच, दरदरून घाम. छातीत दुखलं का, असं विचारल्यावर "नाही, आग होतेय, ॲसिडिटी वाटतेय." गावातल्या डॉक्टरांनी उलटीचं इंजेक्शन दिलं आणि जुलाब-उलट्यांनी बीपी उतरलं असं धरून ५०० मिलीच्या दोन बाटल्या लावल्या. त्यांच्या जागी रात्री तीनला, ईसीजीशिवाय, अनेकांनी तेच केलं असतं. पहिल्या बाटलीनंतर काही फरक नाही. दुसरी अर्धी संपताना दम लागला. सहाला ते नाशिकला पोहोचले.

इथे विचारायचे प्रश्न तीनच आहेत. उलटी आधी की घाम आधी? जुलाब किती, त्याने बीपी एवढं उतरेल का? आणि सलाईनने बरं वाटलं की वाईट? त्यांच्या मुलाने सांगितलं की बनियन पिळून निघेल इतका घाम उलटीच्या आधीच आला होता. दोन पातळ शौचांनी ६१ वर्षांच्या धडधाकट माणसाचं बीपी ८६ होत नाही. आणि सलाईनने दम वाढलाय. शुगरच्या पेशंटला अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. उलटी, घाम आणि गळून जाणं एवढंच असू शकतं.

तपासणीत नाडी ११२, श्वास मिनिटाला ३०, ऑक्सिजन ८८, ताप नाही, शुगर ३१२. क्रेप्ट्स दोन्ही बाजूंना निम्म्या छातीपर्यंत. दारातून आत आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे आणि तो निघाला: व्ही-२ ते व्ही-५ मध्ये एसटी उंचावलेला. समोरच्या बाजूचा मोठा अटॅक. कॅथेटर घातल्यावर पहिल्या तासात लघवी १५ मिली. ६० किलोच्या माणसाला ती निदान ३० मिली हवी.

मग रक्ताचे रिपोर्ट येतात आणि नव्या माणसाची वाट चुकायला सुरुवात होते. पांढऱ्या पेशी १५,०००. लॅक्टेट ५.१. 'सेप्सिसच दिसतोय' असं कुणीतरी म्हणतं. पण पांढऱ्या पेशी अटॅकच्या ताणानेही वाढतात. लॅक्टेट २ च्या वर म्हणजे पेशींना रक्त पुरत नाही, एवढंच कळतं. का पुरत नाही ते लॅक्टेट सांगत नाही. तिघांचंही लॅक्टेट वाढलेलं असू शकतं. ट्रोपोनिन सेप्सिसमध्येही थोडं वाढतं आणि अटॅकच्या सुरुवातीच्या तासांत नॉर्मलही येऊ शकतं. म्हणून रिपोर्टची वाट बघत बसू नका आणि आलेल्या रिपोर्टमुळे मान, गुडघा आणि ईसीजीने सांगितलेलं खोडू नका.

हे महत्त्वाचं का, तर सेप्सिसच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्तपुरवठा कमी असलेल्या पेशंटला पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिली सलाईन सुचवलेलं आहे. ६० किलोला ते १,८०० मिली होतं. सातपूरच्या बाईंना त्याने फायदा व्हावा. बागायतदारांना आधीच लिटरभर गेलंय, आणखी १,८०० मिली गेलं तर दुपारपर्यंत ते व्हेंटिलेटरवर असतील.

बाहेर मुलगा म्हणत असतो, "अहो डॉक्टर, अंगात त्राण नाही त्यांच्या, अजून एखादी बाटली लावा ना." त्याच्यावर चिडू नका. आपल्याकडे सलाईन म्हणजे ताकद, हे आपणच शिकवलंय. शेतकऱ्याच्या मुलाला एवढं सांगितलं की पटतं: "दादा, विहिरीत पाणी आहे, मोटर जळालीय. पाणी ओतून बाग भिजणार नाही, आधी मोटर बघावी लागेल."

फसवणारे पेशंट

वरचं चित्र स्वच्छ आहे, प्रत्यक्षात तसं नेहमी नसतं. काही ठिकाणी हमखास फसायला होतं.

पहिली जागा म्हणजे उजव्या बाजूचा अटॅक. गुडघा गार, मान भरलेली, पण फुप्फुसं स्वच्छ. ईसीजीत खालच्या बाजूच्या लीड, म्हणजे दोन, तीन आणि एव्हीएफ, यांत एसटी उंचावलेला दिसला की लगेच व्ही-४ चा इलेक्ट्रोड छातीच्या उजव्या बाजूला त्याच पातळीवर, पाचव्या फासळ्यांच्या फटीत, हंसळीच्या मध्यरेषेत लावून पुन्हा पट्टी काढा. तिथे १ मिमी वा जास्त उंचावलेला एसटी हा उजव्या कप्प्याच्या अटॅकचा चांगला पुरावा आहे. तो काही तासांत नाहीसाही होतो, म्हणून 'नंतर काढू' नको. या पेशंटला जिभेखालची सॉर्बिट्रेट दिली की बीपी धाडकन पडतं. गोळी देऊनच पेशंट आलाय का, हे विचारून घ्या. याला थोडं सलाईन उपयोगी पडू शकतं, पण तेही २५० मिली देऊन, पुन्हा तपासून. गार, भरलेली मान आणि स्वच्छ फुप्फुसं हेच चित्र हृदयाभोवती पाणी साचल्याने आणि फुप्फुसाच्या धमनीत मोठी गुठळी अडकल्यानेही दिसतं. तिथे दोन मिनिटांची इको निकाल देते. एका बाजूला श्वासच ऐकू येत नसेल तर इकोचीही वाट बघायची नसते, छातीत दाबाखाली हवा भरलेली असू शकते.

दुसरी जागा गार पडलेला सेप्सिस. उशिरा आलेला, म्हातारा किंवा आधीच हृदय कमजोर असलेला सेप्सिसचा पेशंट ऊबदार नसतोच. सेप्सिसमध्ये हृदयाचा स्नायूही मंदावतो. उलट बाजूने, मोठ्या अटॅकनंतर एक-दोन दिवसांत शरीरभर सूज आल्यासारखी प्रतिक्रिया होऊन ताप येतो, रक्तवाहिन्या सैल पडतात आणि हृदयाच्या शॉकचा पेशंट सेप्सिससारखा दिसू लागतो. अशा मिश्र पेशंटला एका खोक्यात बसवायचा अट्टहास करू नये. रक्ताचं कल्चर घ्या, संशय बळकट असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस द्या, त्याने हृदयाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते लिटरने दिलेल्या सलाईनने.

तिसरी जागा म्हणजे नॉर्मल बीपी. ज्याचं रोजचं बीपी १७० असतं त्याचं १०८ म्हणजे उतरलेलंच. गुडघा गार, लघवी नाही, बोलण्यात गोंधळ आणि बीपी १०८/८८ अशा माणसाला वॉर्डात पाठवू नका. तसंच बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी शॉकमध्येही ७० राहू शकते. आणि नाडी ३६ किंवा १८० असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ताल बघा. ठोके फार मंद किंवा फार जोरात असल्यामुळेच शॉक असेल तर पेसिंगने वा विजेच्या झटक्याने मिनिटांत चित्र बदलतं.

आणि एक खास आपल्या भागातली जागा. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडून आलेला शेतकरी, घामाने निथळलेला, फुप्फुसात चुरचुर, बीपी कमी. फवारणीच्या दिवसांत त्याच्या डोळ्यांची बाहुली बघितल्याशिवाय हार्ट अटॅक म्हणू नका. टाचणीच्या टोकाएवढी बाहुली, तोंडातून लाळ, कपड्यांना औषधाचा वास असेल तर ती विषबाधा आहे, आणि तिचा उपचार पूर्ण वेगळा आहे. यात नाडी बहुधा मंद असते, पण जलद असली तरी विषबाधा नाही असं म्हणता येत नाही.

तरीही कळत नसेल तर

मान दिसत नाही, फुप्फुसं धड स्वच्छ नाहीत, धड भरलेली नाहीत, असं असेल तर थोडं देऊन बघा, पण मोजून. पेशंटला दम नसेल तर आधी सलाईनशिवायची परीक्षा: ४५ अंशांत बसलेल्या पेशंटचं धड आडवं करा आणि पाय ४५ अंश वर उचला. पायांतलं दोन-तीनशे मिली रक्त छातीकडे येतं. परिणाम एका मिनिटात बघावा लागतो, नंतर तो ओसरतो. नाडीचं बीपी २० वरून २८ झालं तर हृदय मिळालेलं रक्त पुढे ढकलू शकतंय, सलाईन उपयोगी पडेल. काहीच हललं नाही किंवा खोकला, दम सुरू झाला तर पाय खाली घ्या, उत्तर मिळालं. जो आधीच बसून धापा टाकतोय त्याच्यावर ही परीक्षा करू नये.

सलाईनने परीक्षा करायची तर २५० मिली, दहा-पंधरा मिनिटांत, शेजारी उभं राहून. आधी आणि नंतर चार गोष्टी लिहा: नाडीचं बीपी, श्वासांची संख्या, ऑक्सिजन, फुप्फुसांच्या तळाशी क्रेप्ट्स. बाटली लावून दुसऱ्या पेशंटकडे गेलात तर ती परीक्षा राहत नाही, नुसतं सलाईन होतं.

इको मशिन हाताशी असेल तर चारच गोष्टी बघा. डावा कप्पा आवळतोय की नुसता थरथरतोय, उजवा फुगलाय का, भोवती पाणी आहे का, आणि यकृताजवळची मोठी शीर भरून गच्च आहे की श्वासाबरोबर मिटतेय. बागायतदारांच्या डाव्या कप्प्याची पुढची भिंत हलतच नव्हती आणि मोठी शीर गच्च होती. पंचवटीतल्या तरुणाचा डावा कप्पा रिकामा होता, दर ठोक्याला भिंतीला भिंत टेकत होती.

ओळख पटली की पहिला अर्धा तास

सलाईन बंद करा, शीर उघडी ठेवण्यापुरतं चालू ठेवा. पेशंटला बसू द्या, ऑक्सिजन द्या. ॲस्पिरिन ३०० मिग्रॅ चघळायला द्या, ॲलर्जी किंवा चालू रक्तस्राव नाही हे विचारून. बीपी टिकवायला नॉरॲड्रेनॅलिन, वरिष्ठांना विचारून, किलोमागे मिनिटाला ०.०५ मायक्रोग्रॅमपासून आणि परिणाम बघत वर. ट्रॉलीवर डोपामिन अजूनही असतं आणि जुन्या सवयीने हात तिकडे जातो. २०१० मध्ये आलेल्या मोठ्या तुलनेत डोपामिनने हृदयाचे ताल जास्त बिघडले आणि हृदयाच्या शॉकच्या उपगटात मृत्यूही जास्त झाले. बीपी ८६ असताना नायट्रोग्लिसरीन, बीटा ब्लॉकर आणि मॉर्फिनचा मोठा डोस टाळा. लॅसिक्सची घाईही करू नका, आधी बीपीला आधार, मग लघवी.

खरा उपचार बंद पडलेली धमनी उघडणं हाच. १९९९ च्या शॉक नावाच्या चाचणीत धमनी तातडीने उघडणाऱ्या गटाला ३० दिवसांत ठळक फायदा दिसला नाही, पण सहा महिन्यांनी मृत्यू स्पष्टपणे कमी होते. म्हणून पेशंट 'जरा स्थिर झाला की पाठवू' असं म्हणत बसायचं नसतं. मोटर चालू होईपर्यंत तो स्थिर होणारच नसतो. कॅथ लॅबपर्यंत दोन तासांत पोहोचणं शक्य नसेल तर गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा निर्णय फोनवर कार्डिओलॉजिस्टबरोबर घ्या. निफाडहून नाशिक चाळीसेक किलोमीटर आहे, तिथून तशी वेळ सहसा येऊ नये. आतल्या पाड्यांवरून मात्र येते.

फोनवर 'सर, बीपी लो आहे, शॉकमध्ये आहे' एवढं सांगितलं तर पलीकडून वीस प्रश्न येतात. असं सांगा: "६१ वर्षांचे पुरुष, शुगर, रात्री दोनपासून त्रास. समोरच्या बाजूचा एसटी उंचावलेला अटॅक. बीपी ८६/६८, नाडी ११२, गुडघ्यापर्यंत गार, सीआरटी सहा सेकंद, मानेची शीर जबड्यापर्यंत, निम्म्या छातीपर्यंत क्रेप्ट्स, तासाला लघवी १५. बाहेर लिटरभर सलाईन गेलंय, आम्ही बंद केलं. नॉरॲड चालू आहे. लॅब तयार ठेवा." ईसीजीचा फोटो त्याआधीच व्हॉट्सॲपवर पोहोचलेला असावा. १०८ च्या डॉक्टरांनाही हेच सांगा, आणि गाडीत कुणी बाटलीचा वेग वाढवू नये म्हणून रेफरल चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहा: 'सलाईन जोरात सोडू नये.'

पेशंट परत तुमच्या वॉर्डात आला तरी एक लक्ष ठेवायचं असतं. अटॅकनंतर पहिल्या आठवड्यात सुधारत असलेला माणूस अचानक गार पडला, दम लागला, तर स्टेथो छातीवर ठेवा. आधी नसलेला खरखरीत आवाज, हाताला थरथर लागणारा, म्हणजे कप्प्यांमधल्या पडद्याला भोक पडलं असण्याची शक्यता. झडपेचा आधार देणारा स्नायू तुटला तर दम आणि फुप्फुसातलं पाणी एकदम येतं, पण आवाज अगदी क्षीण असू शकतो किंवा ऐकूच येत नाही. आवाज नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. लगेच इको करा आणि कार्डिओलॉजिस्टबरोबर हृदयशल्यचिकित्सकांनाही त्याच वेळी फोन लावा.